'तुज' गेलं, 'गं' आलं

मागच्या उन्हाळ्यात अमळनेरकडे एका लग्नात हळदीच्या रात्री मी साऊंडच्या टेबलावर बसलो होतो. धंदा आमच्या आप्पांचा, आता पुतण्या बघतो, आणि तो जेवायला गेला की मला बसवून जातो. समोर पोरं 'झिंगाट'वर नाचत होती, चौथ्यांदा लावलं होतं. तेवढ्यात मांडवातून एक रिटायर गुरुजी उठून आले, कानावर हात ठेवूनच, आणि म्हणाले, अरे जरा 'प्रथम तुज पाहता' लाव ना, कान धुऊन निघतील. मी म्हटलं गुरुजी, पोरं मारतील मला. तर ते तिथंच खुर्ची ओढून बसले आणि अर्धा तास एकच मुद्दा सांगत राहिले, की पूर्वी गाण्यात संस्कृत होतं, आता रस्त्यावरची भाषा आलीय, सगळी घसरगुंडी आहे.

हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. पन्नाशीच्या पुढच्या निम्म्या लोकांचं हेच म्हणणं असतं, आणि तिशीच्या आतल्यांचं बरोबर उलटं असतं की आधीची गाणी भटजीछाप होती, आता कुठं आपली भाषा आली. मला दोघांचंही पटत नाही. कारण दोघंही एक गोष्ट धरूनच चालतात की शब्द बदलले. शब्द बदलले ते थोडेच. बदललं ते वेगळंच काहीतरी.

गुरुजींचंच गाणं घेऊ. 'मुंबईचा जावई', 1970, शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची. पहिली ओळ सगळ्यांना पाठ आहे, 'प्रथम तुज पाहता जीव वेडावला'. यात संस्कृत किती आहे ते एकेक शब्द काढून बघा. 'प्रथम', हो, हा एक पुस्तकी शब्द. 'जीव' संस्कृतच, पण तो आमच्याकडं शेळीच्या करडालाही असतो, 'जीव लहान आहे अजून' म्हणतो आपण. 'पाहता' साधं मराठी. 'वेडावला' तर अगदी घरचा. उरला 'तुज', आणि सगळी गंमत तिथंच आहे, कारण ऐकताना भारदस्त वाटतो तो नेमका हाच शब्द आणि तो संस्कृत नाहीच. तो प्राकृतातल्या 'तुज्झ'वरून आलेला, ज्ञानेश्वरीत पानोपानी सापडणारा जुना मराठी शब्द आहे. 'मज', 'तुज', 'माझिया', 'तुझिया', 'हृदयी', 'मनी' ही सगळी रूपं त्याच घरातली. म्हणजे गुरुजी ज्याला संस्कृत म्हणून हळहळतात ते बरंचसं जुनं मराठी आहे, रोजच्या बोलण्यातून कधीच उठून गेलेलं आणि फक्त कवितेत भाड्यानं राहिलेलं.

आता ते तिथं का राहिलं? दिखाव्यासाठी नाही, सोयीसाठी. ऱ्हस्व अक्षराला एक आणि दीर्घाला दोन, असं धरून मात्रा मोजा. 'प्रथम तुज' पाच. 'पाहता' पाच. 'जीव वे' पाच. 'डावला' पाच. चार घड्या एकदम सारख्या, इस्त्री केल्यासारख्या. आता 'तुज'च्या जागी आपण बोलतो तसं 'तुला' घाला. 'तुज' दोन मात्रांचा, 'तुला' तीनचा. पहिल्याच घडीत सहा झाल्या, ओळ लंगडली. 'प्रथम' काढून 'पहिल्यांदा' घातलं तर तीनच्या जागी सहा, मग तर विचारूच नका. म्हणजे गदिमांनी 'तुज' लिहिलं तेव्हा ते शुद्धतेचं सोवळं नेसून बसले नव्हते, कवीच्या हत्यारपेटीत एक छोटा पाना असतो जो अवघड जागी बसतो, तो त्यांनी काढला एवढंच. तीच सोय 'माझिया'ची. 'माझ्या' चार मात्रा, 'माझिया' पाच. कधी अर्धा इंच कमी करायला, कधी अर्धा इंच वाढवायला.

आता 2016. 'सैराट'. तीच गोष्ट सांगायचीय, बघितलं आणि वेडा झालो, शब्दसुद्धा तोच, फक्त 'वेड'चं 'याड' झालं, करमाळ्याकडं बोलतात तसं. 'याड लागलं गं'. परत मोजा. 'याड' तीन, 'लागलं' पाच, आठ झाल्या. आणि 'गं'च्या दोन. दहा. गदिमांच्या अर्ध्या ओळीतही दहाच आहेत. चाल वेगळी, ठेका वेगळा, तो योगायोगही असेल, पण माझा मुद्दा त्या 'गं'चा आहे. 'गं' काढला तर अर्थ एका दाण्यानं कमी होत नाही, पण ओळ बसत नाही. जुन्या कवीकडं अक्षर कमी-जास्त करायला 'तुज', 'माझिया' होतं, ते बोलीच्या गाण्यात चालत नाही, मग भोकाला बूच म्हणून 'गं', 'रं', 'जी', आणि क्रियापदाच्या शेपटीला 'या', म्हणजे 'झालोया', 'आलंया'. माझ्या मते सत्तर-ऐंशी वर्षांत झालेला खरा बदल हा आहे. संस्कृत जाऊन बोली आली असं नाही, 'तुज' जाऊन 'गं' आला.

शब्दांचं म्हणाल तर त्याच सिनेमातल्या ज्या गाण्यावर आमची पोरं मांडव हलवत होती त्यात 'अधीर' आणि 'बधिर' आहेत. दोन्ही चोवीस कॅरेट संस्कृत. 'अधीर झालोया' म्हणताना कुणालाच पुस्तकी वाटत नाही, कारण मागं 'झालोया' लागलाय. शब्द राजवाड्यातला आणि प्रत्यय रानातला. आणि उलट्या बाजूनं 2010 च्या 'नटरंग'मधली 'अप्सरा आली' घ्या, गुरू ठाकूर यांची, त्यात 'रत्नप्रभा तनु ल्याली' आहे. हे गाणं आमच्या तालुक्यात बारशापासून गणपतीपर्यंत वाजलं, एकही माणूस 'तनु म्हणजे काय' असं विचारायला टेबलाशी आला नाही. म्हणजे 'लोकांना अवघड शब्द कळत नाहीत म्हणून गाणी सोपी झाली' हे कारणही खोटं. लोकांना कळायची गरजच नसते, जिभेवर बसलं की झालं.

सरळ रेषेचा सिद्धांत मागच्या बाजूनंही टिकत नाही. मराठी बोलपट 1932 ला 'अयोध्येचा राजा'नं सुरू झाला, त्यात नायक आणि संगीतकार दोन्ही गोविंदराव टेंबे, म्हणजे संगीत नाटकातला माणूस. नाटकाची पदं किर्लोस्करांपासून 'प्रिये पहा' अशा वळणाची, ती सवय सिनेमात येणारच. पण लगेच चारच वर्षांनी, 1936 ला, 'संत तुकाराम'साठी शांताराम आठवल्यांनी 'आधी बीज एकले' लिहिलं ते इतकं साधं आणि तुकोबांच्या वळणाचं की लोक तो अभंग गाथेत शोधत बसले. आणि त्याच आठवल्यांनी पुढच्या वर्षी 'कुंकू'साठी लिहिलं 'मन सुद्ध तुझं, गोस्त हाये पृथिवी मोलाची'. 'सुद्ध'. 'गोस्त'. 'हाये'. 1937! तेव्हा झिंगाटवाल्यांचे आजोबाही शाळेत गेले नसतील. मग आधी शुद्ध आणि नंतर अशुद्ध हे कुठून आलं?

तर तेव्हा भाषा वर्षावरून ठरत नव्हती, गाणं कुणाच्या तोंडी आहे त्यावरून ठरत होती. गदिमांनीच 1952 च्या 'लाखाची गोष्ट'मध्ये 'माझिया प्रियेचे झोपडे' लिहिलं आणि त्यांनीच 1959 च्या 'सांगत्ये ऐका'मध्ये 'बुगडी माझी सांडली गं'. शिकलेल्या नायक-नायिकेनं प्रेम करायचं ते 'माझिया'त, फडावरच्या बाईनं करायचं ते 'गं'मध्ये. एका कवीच्या दोन वह्या. बोली होती, पहिल्यापासून होती, पण तिला लावणीत, बैलगाडीवर, शेतात आणि विनोदाला जागा, हळव्या प्रेमाला नाही. 1971 च्या 'सोंगाड्या'पासून दादा कोंडक्यांनी गावठी माणसालाच हिरो केला, पण तिथंही हसण्याचा करार होता. शहरातल्या पिक्चरचं तर विचारू नका. 'अशी ही बनवाबनवी', 1988, ज्याचे डायलॉग आजही आमच्या घरात जेवताना चालतात, 'सत्तर रुपये वारले' वगैरे, त्यातली माणसं बोलतात चाळीतलं मराठी आणि गायला लागली की एकदम 'हृदयी वसंत फुलताना'. कुठला माणूस 'हृदयी' म्हणतो हो? डॉक्टरसुद्धा 'छातीत' विचारतो.

म्हणून मला 'सैराट'चं महत्त्व वाटतं ते बोली आणली म्हणून नाही, ती होतीच. तिनं हळवं प्रेम, ज्यात कुणीही हसत नाही, ते 'याड'मध्ये म्हटलं म्हणून. पहिली वही दुसऱ्या वहीत मिसळली. दोनच वर्षं आधी 2014 ला 'टाइमपास' आला होता, मुंबईकडचा टपोरी पोरगा, त्याचं गाणं 'मला वेड लागले प्रेमाचे'. तो पोरगा आख्खा पिक्चर 'लागलं', 'झालं' बोलतो आणि गाण्यात 'लागले'. इथं मात्रेचं कारण नाही, दोन्ही पाचच भरतात. इथं कारण गळ्याचं आहे, 'ले'चा ए तोंड उघडं ठेवून लांबवता येतो, 'लं' नाकात जाऊन बंद होतो, लांब ओढला की गायकाला सर्दी झाल्यासारखं वाटतं. म्हणजे तिथं अजून छापील मराठी गाण्याच्या मदतीला होतं, आणि 'सैराट'वाल्यांनी तो बंद होणारा आवाजच घेऊन वर 'गं' जोडला.

इथपर्यंत गुरुजींनाही फार तक्रार नसावी. माझी स्वतःची तक्रार मात्र आता सुरू होते, आणि ती खानदेशी माणसाची तक्रार आहे.

आपण 'रोजची भाषा आली' म्हणतो ती कुणाच्या रोजची? 'मंदी', 'हाये', 'ग्वाड', 'झालोया' हे सातारा-कोल्हापूर-सोलापूर पट्ट्याचं रोजचं. कोल्हापुरात स्टुडिओ होते, तमाशाचे फड तिकडचे, त्यामुळं सिनेमात गावठी म्हणजे तेच असं ठरून गेलं. आमच्याकडं 'वेड'चं 'याड' होत नाही, 'येड' होतं. 'मला' होत नाही, 'मले' होतं. अमळनेर-धुळ्याकडं अहिराणी, यावल-रावेरकडं तावडी, दोन तासांच्या एसटीत दोन बोल्या. आणि आम्ही 'झिंगाट'वर नाचतो ते जवळजवळ 'अप्सरा आली'वर नाचतो तसंच, म्हणजे दुसऱ्याच्या भाषेवर. फक्त आधीची दुसऱ्याची भाषा वरून यायची, आता शेजारून येते.

यात चिडचिड होते कारण खानदेशची बोली सिनेमात येऊन गेलेली आहे, आणि 'सैराट'च्या पंचावन्न वर्षं आधी. 1961 चा 'मानिनी', संगीत वसंत पवारांचं, त्यात बहिणाबाईंचं 'अरे खोप्यामधी खोपा' आणि 'अरे संसार संसार'. असोद्याची बाई, शाळा बघितली नाही, 1951 ला गेली, 1952 ला अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट पुस्तक निघालं आणि नऊ वर्षांत पडद्यावर. आणि ती बोली विनोदाला नव्हती, फडावर नव्हती. सरळ गंभीर.

माझ्या आईची आई यावलकडची. तिला ही गाणी पुस्तकाच्या आधीपासून माहीत होती असं ती सांगायची, खरंखोटं देव जाणे, म्हाताऱ्या माणसांना सगळंच आधीपासून माहीत असतं. पण एक गोष्ट मी स्वतः ऐकलीय. शाळेच्या गॅदरिंगला मी 'आधी हाताला चटके, तेव्हा मिळते भाकर' म्हणून बक्षीस घेऊन आलो, तर आजी चुलीपुढून म्हणाली, हाताला काय रे, 'हाताले'. अन् 'मियते'. तावडीत ळ चा य होतो, काळा तो काया, मिळते ते मियते. मी तिला म्हटलं बाईंनी असंच शिकवलंय. तर ती म्हणाली, मंग बाईच्या हाताले चटका नसन बसेल.

तिच्याच तोंडून ऐकलेल्या 'मन वढाय वढाय'वर थोडं थांबायचंय, कारण गदिमांच्या 'तुज'चं उत्तर तिथं आहे. ही ओवी आहे, हिच्यात मात्रा नाही, अक्षरं मोजायची. 'मन वढाय वढाय' आठ. 'उभ्या पिकातलं ढोर' आठ. 'किती हाकला हाकला' आठ. 'फिरी येतं पिकांवर' आठ. आता तो 'फिरी' बघा. प्रमाण मराठीत 'फिरून'. 'फिरून येतं पिकांवर' म्हटलं की नऊ झाली, ओवी फुटली. आमच्याकडं 'करून'चं 'करी', 'जाऊन'चं 'जाई', 'फिरून'चं 'फिरी', हे आम्ही कवितेसाठी करत नाही, दूध घालतानाही असंच बोलतो. म्हणजे गदिमांना ज्या छोट्या पान्यासाठी सातशे वर्षं मागं ज्ञानेश्वरीत जावं लागलं, तसा पाना बहिणाबाईंच्या ओट्यावरच पडलेला होता. तिला 'तुज'ही लागला नाही आणि 'गं'चं बूचही लागलं नाही. बोलीत गाणं लिहिलं की भरणा करावाच लागतो हे म्हणूनच मला मान्य नाही. भरणा करावा लागतो तो बोली वरवर घेतली की, म्हणजे वाक्य प्रमाण मराठीत रचायचं आणि नंतर त्याला 'या', 'गं', 'रं' चिकटवायचं. बोलीच्या आतले जे आखूड प्रत्यय आहेत ते घेतले तर ती स्वतःच स्वतःला बसवून घेते.

ना. धों. महानोरांना हे बरोबर कळलं होतं. पळसखेड आमच्या जळगाव जिल्ह्याच्या वेशीवरचं, अजिंठ्याच्या डोंगराखाली, माणूस स्वतः शेतकरी. 1977 च्या 'जैत रे जैत'मध्ये 'नभ उतरू आलं'. 'नभ' शुद्ध संस्कृत, शेतात कुणी म्हणत नाही, 'आभाळ' म्हणतात. पण 'आभाळ' पाच मात्रांचं धूड, 'नभ' दोनचा. आणि त्याला लगेच 'उतरू आलं' जोडलं, हे छापील मराठी नाही, हे रानातलं. नंतर 'अंग झिम्माड झालं'. संस्कृत आणि रान यांचा सांधा कुठंच दिसत नाही. फक्त हे सगळं पडद्यावर आलं ते रायगडकडच्या ठाकरांच्या तोंडी. अजिंठ्याच्या पायथ्याच्या माणसाचे शब्द, गाणारे ठाकर. आमच्या नशिबात तेवढंच.

मग खानदेशनं काय केलं, तर सिनेमाचा नाद सोडला. आज हळदीला माझ्या टेबलावर जी मागणी येते त्यात निम्मी अहिराणी गाणी असतात, धुळे-जळगाव-नंदुरबारच्या पोरांनी स्वतः लिहिलेली, स्वतः शूट केलेली, मोबाईलवर आलेली, कुठल्याही पिक्चरमध्ये नसलेली. त्यातली बरीच कच्ची आहेत, ठेका एकच, पोरगी एकच, मोटरसायकल एकच, हे मी कौतुकानं सांगत नाही. पण 'मना', 'तुना', 'तुले', 'व्हई गयं' हे त्यात बिनधास्त आहे. मराठी सिनेमावाल्यांना माझं म्हणणं एवढंच की बोली पाहिजे असेल तर 'गं' आणि 'रं'ची बाटली परत परत उघडू नका, महाराष्ट्रात आणखी दुकानं आहेत.

त्या रात्री गुरुजींना मी हे मात्रांचं सांगितलं. त्यांना 'तुज'चं पटलं, 'गं'चं पटलं नाही. मला म्हणाले, बोलायला सोपं आहे, करून दाखव. गदिमांची ओळ अहिराणीत आण, मात्रा न मोडता.

दोन दिवस टेबलावरच्या ऑर्डरवहीत खाडाखोड करत होतो. शेवटी एवढं जमलं. 'देखी तुले आज, जीव येडावना.' 'देखी तु' पाच, 'ले आज' पाच, 'जीव ये' पाच, 'डावना' पाच. 'देखी' म्हणजे बघून, तोच बहिणाबाईंचा 'फिरी'वाला प्रत्यय. 'गं' नाही, 'तुज' नाही. 'आज' मात्र मी भरीला घातलाय हे कबूल, 'प्रथम'ची जागा भरायला दुसरं काही सापडेना.

गुरुजींच्या आधी आप्पांना ऐकवलं. चौऱ्याहत्तरचं वय, तबकड्या वाजवायचे तेव्हापासूनचा कान. त्यांनी डोळे मिटून बाबूजींच्या चालीत ती ओळ दोनदा गुणगुणली, बोटानं खाटेच्या पाटीवर ठेका धरून.

"बसस रे," म्हणाले. "बराबर बसस."

मग डोळे उघडून म्हणाले, "पन लगीनमा कोन वाजाडी?"